पीएच पाचवर धरून ठेवणारं द्रावण

तीन बीकर शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. प्रत्येकात ५० मिली रंगहीन द्रव आहे. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड एकेकात बुडवला, तर तिन्हींचा आकडा ५.०० येतो. आता ब्युरेटमधून प्रत्येक बीकरमध्ये ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा फक्त एक मिली सोडायचा, ढवळायचं आणि पुन्हा आकडा वाचायचा. पहिल्या बीकरमध्ये ४.९६ दिसेल, दुसऱ्यात ४.६४ च्या आसपास आणि तिसऱ्यात थेट २.७. पहिल्या बीकरमध्ये अॅसिटिक आम्ल आणि सोडियम अॅसिटेट मिळून ०.१ मोलर इतकं बफर होतं. दुसऱ्यात तीच जोडी होती, पण दहापट विरळ. तिसऱ्यात नुसतं डिस्टिल्ड वॉटर होतं आणि त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचा नावाला अंश घालून पीएच पाचवर आणलेला होता.

मीटरला सुरुवातीला या तिघांत काही फरक कळला नाही, आणि कळणारही नाही. पीएच म्हणजे, शेतीच्या पुस्तकांतला सामू, या घडीला द्रावणात मोकळे हायड्रोजन आयन किती आहेत एवढंच सांगतो. बाहेरून आम्ल किंवा अल्कली आली तर ती पचवण्याची ताकद त्या द्रावणात किती आहे, ही दुसरीच गोष्ट. तिला बफर क्षमता म्हणतात आणि ती वेगळी मोजावी लागते. कॉलेजच्या प्रयोगवहीत पहिल्या गोष्टीला दोन पानं मिळतात आणि दुसरीला बहुधा दोन ओळी. माझ्या मते हे प्रमाण उलटं असायला हवं.

मुळात एखाद्याला बरोबर पाच इतकाच पीएच कशाला लागतो? यीस्टमध्ये इन्व्हर्टेज नावाचं विकर असतं. उसाच्या साखरेचे ते ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं. त्याला साडेचार ते पाच पीएचच्या आसपास काम करायला आवडतं. तिथून दूर गेलं की त्याचा वेग पडतो. कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत सोरेन्सेन यांनी १९०९ मध्ये पीएचची मोजपट्टी मांडली, ती विकरांचा अभ्यास करतानाच. विकराचा वेग मोजायचा तर हायड्रोजन आयनांचं प्रमाण बांधून ठेवलं पाहिजे, नाहीतर आज मिळालेला आकडा उद्या मिळत नाही, हे त्यांनी दाखवलं. चार वर्षांनी, १९१३ मध्ये, बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी याच इन्व्हर्टेजवर काम करून विकरांच्या वेगाचं प्रसिद्ध समीकरण मांडलं. पीएच धरून ठेवण्यासाठी त्यांनी अॅसिटिक आम्ल आणि अॅसिटेट यांचं मिश्रण वापरलं होतं. तेच मिश्रण आपण इथे तयार करणार आहोत.

अॅसिटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. ते दुर्बल आहे, म्हणजे पाण्यात टाकल्यावर त्याचे फार थोडे रेणू फुटतात आणि हायड्रोजन आयन मोकळा करतात. बाकीचे अखंड राहतात. ०.१ मोलर अॅसिटिक आम्लाचा पीएच २.९ च्या जवळपास असतो. त्याचा क्षार, सोडियम अॅसिटेट, पाण्यात पूर्ण विरघळून अॅसिटेट आयन देतो आणि त्याच्या ०.१ मोलर द्रावणाचा पीएच ८.९ च्या आसपास जातो. दोन्ही एकत्र केले की द्रावणात अखंड आम्लाचे रेणू आणि अॅसिटेट आयन असे दोन साठे तयार होतात. बाहेरून हायड्रोजन आयन आले, तर अॅसिटेट आयन ते उचलून स्वतः आम्लाचे रेणू बनतात. बाहेरून हायड्रॉक्साइड आलं, तर आम्लाचे रेणू आपला हायड्रोजन त्याला देऊन पाणी करतात आणि स्वतः अॅसिटेट होतात. आलेला पाहुणा मोकळा फिरत नाही, म्हणून पीएच फारसा हलत नाही.

फारसा म्हणजे किती, याचं उत्तर हार्वर्डचे लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये दिलं आणि पुढे डेन्मार्कच्या हासेलबाल्ख यांनी ते लॉगरिदमच्या रूपात लिहिलं:

pH = pKa + log([A⁻]/[HA])

यात A⁻ म्हणजे अॅसिटेट, HA म्हणजे अखंड आम्ल आणि पीकेए हा त्या आम्लाचा स्वतःचा आकडा. अॅसिटिक आम्लासाठी तो २५ अंशांना ४.७६ आहे. समीकरणात दोघांचं प्रमाण लॉगच्या आत बसलेलं आहे, आणि बफरची सगळी सहनशक्ती या लॉगमुळे येते. पीएच एका एककाने हलवायचा तर अॅसिटेट आणि आम्ल यांचं गुणोत्तर दहापट बदलावं लागतं. थोडंसं आम्ल पडलं, गुणोत्तर २.२ वरून २.० झालं, तर लॉग घेतल्यावर त्याचा परिणाम चारशतांश उरतो.

आणखी एक गोष्ट या समीकरणातून दिसते. दोन्ही साठे समसमान असतील तर लॉग शून्य होतो आणि पीएच पीकेएइतका येतो. तिथे दोन्ही बाजूंचा मारा सारखाच झेलता येतो. पीकेएपासून एका एककापेक्षा जास्त दूर गेलं की एक साठा जवळजवळ संपलेला असतो आणि नावाला बफर उरतं. पाच पीएच हवा आहे, अॅसिटिक आम्लाचा पीकेए ४.७६ आहे, म्हणून ही जोडी योग्य. सात हवा असता तर फॉस्फेटकडे वळावं लागलं असतं, कारण त्याचा दुसरा पीकेए ७.२ आहे. अॅसिटेट वापरून सात गाठणं अशक्य नाही, पण ते द्रावण थेंबभर आम्लानेही ढळेल.

आता प्रत्यक्ष तयारी. ०.१ मोलर अॅसिटिक आम्ल आणि ०.१ मोलर सोडियम अॅसिटेट अशी दोन द्रावणं आधी वेगवेगळी करून घ्यायची, प्रत्येकी ५०० मिली. बाटलीतलं ग्लेशियल अॅसिटिक आम्ल सुमारे १७.४ मोलर असतं, म्हणून त्यातलं २.९ मिली पुरतं. फ्लास्कमध्ये निम्म्याहून जास्त पाणी आधी घ्यायचं, मग पिपेटला रबरी फुगा लावून आम्ल मोजून सोडायचं, तोंडाने कधीही ओढायचं नाही. ग्लेशियल आम्ल कातडी भाजतं आणि त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. हे काम फ्यूम हूडखालीच करावं. आणखी एक व्यवहारातली गोष्ट: हे आम्ल १६.६ अंशांना गोठतं. नाशिक किंवा महाबळेश्वरच्या डिसेंबरमधल्या सकाळी बाटलीत काचेसारखे खडे दिसले तर आम्ल खराब झालेलं नाही. बाटलीचं झाकण सैल करून ती कोमट पाण्यात ठेवायची आणि सगळं वितळल्यावरच मोजायचं. अर्धवट वितळलेल्या बाटलीत वरचा द्रव आणि खालचे खडे यांची शुद्धता सारखी नसते.

सोडियम अॅसिटेटच्या बाबतीत चूक वेगळ्या ठिकाणी होते, आणि ती सर्रास होते. हा क्षार दोन रूपांत मिळतो. एकात प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे तीन रेणू बांधलेले असतात, त्याला ट्रायहायड्रेट म्हणतात आणि त्याचं रेणुवस्तुमान १३६ आहे. दुसरा निर्जल, त्याचं ८२. अर्धा लिटर ०.१ मोलर द्रावणासाठी ट्रायहायड्रेट ६.८० ग्रॅम लागतो, निर्जल ४.१० ग्रॅम. पुस्तकात ट्रायहायड्रेट गृहीत धरलेला असतो, कपाटातून हाती निर्जल बाटली येते आणि वजन मात्र ६.८० केलं जातं. मग द्रावण ०.१ ऐवजी ०.१६६ मोलर होतं आणि बफरचा पीएच ठरल्यापेक्षा ०.२२ ने वर येतो. उलट झालं तर तितकाच खाली. हा ०.२२ चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. बफर वर किंवा खाली बरोबर एवढंच चुकलं असेल, तर मीटरला दोष देण्याआधी क्षाराच्या बाटलीवरचं लेबल पुन्हा वाचावं.

दोन द्रावणं तयार झाली की प्रमाण काढायचं. पीएच ५.०० मधून पीकेए ४.७६ वजा केले तर ०.२४ उरतात, आणि १० चा ०.२४ वा घात १.७४ येतो. म्हणजे एका भाग आम्लाला १.७४ भाग अॅसिटेट. शंभर मिली बफरसाठी ३६.५ मिली आम्ल आणि ६३.५ मिली अॅसिटेट. दोन्ही मोजून एकत्र केले, ढवळले आणि इलेक्ट्रोड बुडवला, की मीटर ५.०० न दाखवता ४.९० च्या आसपास थांबतो.

इथे विद्यार्थी घाबरतात आणि आपली मोजणी पुन्हा तपासू लागतात. मोजणी बरोबर असते. पीकेएचा ४.७६ हा आकडा अतिशय विरळ द्रावणाचा आहे, जिथे आयन एकमेकांपासून दूर असतात. आपल्या बफरमध्ये सोडियम आणि अॅसिटेट आयनांची चांगली दाटी आहे. प्रत्येक ऋण अॅसिटेटभोवती धन सोडियमची गर्दी जमते, त्यामुळे अॅसिटेट आयनाला तसं राहणं थोडं सोयीचं होतं आणि आम्ल किंचित जास्त फुटतं. परिणामी या संहतीला अॅसिटिक आम्लाचा कामचलाऊ पीकेए ४.६५ च्या जवळ येतो. जुन्या प्रयोगपुस्तकांतले बफरचे तक्ते याला दुजोरा देतात. त्यांत पाच पीएचच्या ०.१ मोलर अॅसिटेट बफरसाठी ०.२ मोलर आम्ल १४.८ मिली आणि ०.२ मोलर अॅसिटेट ३५.२ मिली घेऊन शंभर मिली करायला सांगितलेलं असतं. हे गुणोत्तर १.७४ नाही, २.३८ आहे. तक्ता गणिताने रचलेला नाही, मोजून रचलेला आहे, म्हणून दोन्हींत हा फरक पडतो.

मग ४.९० चे ५.०० कसे करायचे? दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब घालायचे. त्याने काही आम्लाचं अॅसिटेट होतं आणि पीएच चढतो. शंभर मिलीला १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड अर्ध्या मिलीपेक्षा किंचित जास्त लागतं. दुसरा मार्ग म्हणजे तेच ०.१ मोलर अॅसिटेट आणखी घालायचं, अंदाजे सतराएक मिली. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो. दोन्ही द्रावणं ०.१ मोलर असल्याने कितीही मिसळली तरी एकूण संहती ०.१ च राहते आणि पुढे क्षमता काढताना हिशेब स्वच्छ राहतो. शेवटचे दोन मिली मात्र थेंबाथेंबाने घालावेत आणि दर वेळी मीटर स्थिर होईपर्यंत थांबावं. पाचच्या पुढे गेलं तर आम्लाचे थेंब घालून परत येता येतं. पण एकदा हायड्रॉक्साइड, मग हायड्रोक्लोरिक आम्ल, मग पुन्हा हायड्रॉक्साइड अशी ये-जा करू नये. त्याने द्रावणात मीठ साचत जातं.

या सगळ्यात मीटरवर विसंबायचं, म्हणून मीटर आधी जुळवून घ्यायला हवा. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत ४, ७ आणि ९.२ पीएचच्या बफर गोळ्या मिळतात. त्या पाण्यात विरघळवून प्रमाण द्रावणं करतात. आपल्याला पाच मोजायचा आहे, तेव्हा ७ आणि ४ या दोन द्रावणांवर मीटर जुळवायचा, म्हणजे मोजायचा आकडा दोन खुणांच्या मध्ये येतो. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरने धुऊन टिश्यूने टिपून घ्यायचा, घासायचा नाही. काम संपल्यावर तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचा. साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवला तर हळूहळू मंदावतो. इलेक्ट्रोड बिघडत चालल्याची खूण अशी, की आकडा स्थिर व्हायला मिनिट-मिनिट लागतं किंवा ४ आणि ७ ची द्रावणं तो एकमेकांच्या जवळ दाखवू लागतो. पीएचचा कागद या कामाला चालत नाही. इथे आपण दशांश-शतांशातला फरक मोजतो आहोत, तो रंगावरून डोळ्याला दिसत नाही.

आता क्षमतेची परीक्षा. तयार बफरचे ५० मिली दोन बीकरांत वेगवेगळे घ्यायचे. एका ब्युरेटमध्ये ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसऱ्यात ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. पहिल्या बीकरमध्ये पाच-पाच मिली आम्ल सोडत जायचं, चुंबकी ढवळणी चालू ठेवायची आणि प्रत्येक वेळी आकडा लिहायचा. पाच मिलीनंतर पीएच ५.०० वरून ४.८१ वर येतो, दहा मिलीनंतर ४.६४ वर, वीस मिलीनंतर ४.२७ च्या आसपास. तीस मिलीला तो ३.७ च्या जवळ असतो आणि तिथून घसरगुंडी सुरू होते. पस्तीस मिलीच्या सुमारास सगळं अॅसिटेट संपतं. पुढचा प्रत्येक थेंब मोकळाच राहतो.

दुसऱ्या बीकरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड सोडलं की चित्र बदलतं. पाच मिलीला पीएच ५.२३, दहा मिलीला ५.५७ च्या आसपास, आणि पंधरा मिलीला तो साडेसहाच्याही वर उडालेला असतो. म्हणजे हे बफर आम्लाचे पस्तीस मिली पचवतं आणि अल्कलीचे पंधराच. याचं कारण आपण स्वतःच मिसळलेलं आहे. पाच पीएच हा कामचलाऊ पीकेएच्या वर असल्याने द्रावणात अॅसिटेट जास्त आणि अखंड आम्ल कमी आहे. ५० मिलीमध्ये अॅसिटेट साडेतीन मिलिमोलच्या आसपास आणि आम्ल दीड मिलिमोल. आम्ल झेलणारा साठा मोठा, अल्कली झेलणारा लहान. बफर घेणाऱ्याने आपल्या प्रयोगात कोणता मारा येणार आहे हे आधी विचारावं. प्रयोग आम्ल निर्माण करणारा असेल तर बफरचा पीएच पीकेएच्या किंचित वर असणं फायद्याचं, अल्कली येणार असेल तर किंचित खाली.

क्षमतेला आकडा देण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या डोनाल्ड व्हॅन स्लाइक यांनी १९२२ मध्ये मांडली. एक लिटर बफरमध्ये किती मोल तीव्र आम्ल किंवा अल्कली घातली, त्याला पीएचमधल्या बदलाने भागायचं. आपल्या पहिल्या पायरीत ५० मिलीमध्ये ०.५ मिलिमोल आम्ल गेलं, म्हणजे लिटरमागे ०.०१ मोल. पीएच ०.१९ ने उतरला. ०.०१ भागिले ०.१९ म्हणजे ०.०५३. अल्कलीच्या बाजूने ०.०१ भागिले ०.२३ म्हणजे ०.०४३. दोन्हींची सरासरी ०.०४८ येते. समीकरणावरून काढलं तर पाच पीएचला ही क्षमता ०.०४९ यायला हवी. प्रयोग आणि गणित इतके जवळ येतात.

पहिल्याच मिलीवर थांबून हा आकडा काढला तर काय होतं? पीएच ०.०४ ने हलतो. मीटर शतांशापर्यंतच वाचतो, म्हणजे एका शतांशाची चूकही पाव भागाची चूक ठरते. उलट फार जास्त आम्ल घातलं तर मधल्या वाटेत क्षमता स्वतःच बदलत गेलेली असते. दोन दशांशांच्या आसपास बदल होईल इतकी मात्रा घ्यावी, आणि दोन्ही बाजूंनी मोजून सरासरी काढावी. क्षमता अपेक्षेपेक्षा बरीच जास्त आली तर आधी सोडियम हायड्रॉक्साइडवर संशय घ्यावा. त्याच्या गोळ्या उघड्यावर हवेतली ओल पटकन ओढतात, म्हणून वजन करून केलेलं द्रावण लेबलवर लिहिल्यापेक्षा कमजोर निघतं. बफर कमी मार खात असतं आणि आपल्याला ते बळकट वाटतं. क्षमता मोजण्याआधी हे द्रावण प्रमाण ऑक्झॅलिक आम्लावर पडताळून घ्यावं.

विरळ बफरची कथा आता उलगडते. दहापट पाणी घालून बफर विरळ केलं, तर अॅसिटेट आणि आम्ल दोघंही सारख्याच पटीने कमी होतात आणि गुणोत्तर तसंच राहतं. पीएच जवळजवळ जागचा हलत नाही. आयनांची दाटी कमी झाल्याने तो सहा-सात शतांश वर सरकतो एवढंच. क्षमता मात्र दहावा भाग उरते. हौद आणि कळशी यांत पाण्याची पातळी सारखी असू शकते, पण तांब्याभर पाणी ओतल्यावर कळशीची पातळी झटकन चढते आणि हौदाची ढिम्म हलत नाही. मीटर पातळी दाखवतो, घेर दाखवत नाही. पीएच बिघडला नाही ना एवढंच पाहून बफरमध्ये सढळ हाताने पाणी वाढवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. ०.०१ मोलर बफरच्या ५० मिलीमध्ये त्याच आम्लाचे चार मिली पडले, तरी सगळं अॅसिटेट संपून पीएच तीनच्या खाली जातो.

मग भरपूर संहतीचंच बफर का करू नये? एक मोलर अॅसिटेट बफरची क्षमता दहापट येईल हे खरं. पण इतक्या आयनांच्या दाटीत अनेक विकरांचं वागणं बदलतं, काही प्रथिनं द्रावणातून बाहेर पडतात, आणि पीकेएसुद्धा आणखी सरकतो. म्हणून गरज काढून तेवढंच बफर घेणं शहाणपणाचं. समजा फळांच्या रसातलं पेक्टिन फोडणाऱ्या विकरावर आपण काम करतो आहोत. ही क्रिया होताना आम्लाचे गट मोकळे होतात. पूर्ण वेळात लिटरमागे २ मिलिमोल आम्ल तयार होईल असा अंदाज आहे आणि पीएच ०.०५ पेक्षा जास्त उतरलेला चालणार नाही. तर लागणारी क्षमता ०.००२ भागिले ०.०५, म्हणजे ०.०४. आपल्या ०.१ मोलर बफरची ०.०४९ आहे, म्हणजे ते पुरेल, पण हात राखून नाही. ०.०५ मोलर बफर घेतलं असतं तर त्याची क्षमता निम्मी, आणि पीएच आठ शतांशांच्या आसपास घसरला असता. विकराचा वेग कमी झाला तो विकर दमल्यामुळे की पीएच ढळल्यामुळे, हे मग सांगता आलं नसतं. प्रयोग संपल्यावर एकदा पुन्हा इलेक्ट्रोड बुडवून शेवटचा पीएच लिहून ठेवला, तर ही शंका तिथल्या तिथे मिटते. ही सवय फार थोड्या प्रयोगशाळांत दिसते.

तयार बफर साठवताना एक अडचण येते. अॅसिटेट हे बुरशी आणि जिवाणूंचं अन्न आहे. खोलीच्या तापमानाला काही आठवड्यांत बाटलीच्या तळाशी कापसासारखे तंतू किंवा द्रावणात गढूळपणा दिसू लागतो. असं बफर गाळून वापरू नये, टाकून द्यावं. जिवाणूंनी त्यातलं अॅसिटेट खाल्लेलं असतं आणि पीएच वर गेलेला असतो. फ्रिजमध्ये ४ अंशांना ते जास्त टिकतं. अॅसिटेट बफरचं एक सुख असं, की तापमानाने त्याचा पीएच फारसा बदलत नाही. ट्रिस बफरचा पीएच मात्र दर अंशाला जवळजवळ तीन शतांशांनी सरकतो, त्यामुळे ते ज्या तापमानाला वापरायचं त्याच तापमानाला जुळवावं लागतं.

पुढच्या वेळी बफरची बाटली भराल तेव्हा लेबलवर नुसतं ‘पीएच ५.०’ लिहून थांबू नका. कोणतं आम्ल आणि कोणता क्षार, एकूण संहती किती, कोणत्या तापमानाला मोजलं आणि कोणत्या तारखेला, हेही लिहा. त्या बाटलीतल्या द्रावणाला पुढे कितपत मार सोसवेल, हे वाचणाऱ्याला एवढ्यावरून काढता येतं. नुसत्या पीएचवरून येत नाही.